मुलांच्या रिकाम्या खोलीतला शिवणक्लास : पन्नाशीनंतर प्रशिक्षण केंद्र उभे करताना

कराडमधल्या एका ५४ वर्षांच्या काकूंची ही गोष्ट आहे. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली, दोन वर्षांनी मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि साखर कारखान्यातून निवृत्त झालेले यजमान व काकू अशी दोनच माणसे घरात उरली. काकू पंचवीस वर्षे गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवत आल्या होत्या. हात चांगला होता, गिऱ्हाईक ठरलेले होते आणि मुलांची दहा बाय बाराची खोली रिकामी पडली होती, म्हणून शिवणक्लास काढायचे ठरले. पोराने फोनवर विचारले, "आई, आता कशाला तो पसारा?" त्यावर काकूंचे उत्तर, "पसारा तुमचा होता, हा माझा आहे."

गोष्टीचा हा भाग सोपा आहे. त्यापुढे केंद्र प्रत्यक्ष कसे उभे राहिले, हे इथे तपशिलाने सांगतो आहे, कारण उत्तम शिवणाऱ्या कितीतरी बायकांचे क्लास दुसऱ्या बॅचपर्यंतही टिकत नाहीत. त्याचे कारण बहुतेक वेळा भांडवलात नसते. चांगली शिंपीण अंदाजाने कापते आणि अंदाज दुसऱ्याला शिकवता येत नाही, हे खरे कारण असते.

पहिली पायरी : स्वतःचा हात कागदावर उतरवणे

काकू गिऱ्हाइकाचा जुना ब्लाउज कापडावर पसरत, खडूने कडेकडेने फिरत आणि कात्री लावत. मुंढा किती खोल घ्यायचा, असे कोणी विचारले की त्या म्हणत, "एवढा." शेजारच्या एका मुलीला त्यांनी हौसेने शिकवायला घेतले, तेव्हा चार दिवसांतच लक्षात आले की हे 'एवढा' त्या मुलीच्या हातात उतरत नाही. म्हणून मशीन विकत घेण्याआधी त्यांनी महिनाभर एकच काम केले. आलेला प्रत्येक ब्लाउज नेहमीसारखा कापायचा, पण कापल्यावर तो टेपने मोजून आकडे वहीत लिहायचे. वेगवेगळ्या अंगाच्या दहाबारा बायकांची मापे जमली, तेव्हा त्यांच्याच हातात दडलेला हिशेब समोर आला.

छाती ३६, कंबर ३०, शोल्डर १४ आणि उंची १४ इंच असलेल्या साध्या चार टक्सच्या ब्लाउजचा मागचा भाग त्यांच्या वहीत असा उतरला. कागद दुमडून घडीच्या बाजूने उंची टाकायची. वरच्या कडेवर शोल्डरचा अर्धा, म्हणजे ७ इंच. मुंढ्याची खोली छातीचा सहावा भाग अधिक अर्धा इंच, म्हणजे साडेसहा. त्या रेषेवर छातीचा चौथा भाग, म्हणजे ९ इंच, त्यात पाव इंच सैलपणा आणि दीड इंच माया, एकूण पावणेअकरा. कमरेवर साडेसात इंच, त्यात टकसाठी १ आणि मायेसाठी दीड, एकूण १०. मायेचा दीड इंच काकूंनी मुद्दाम ठेवला होता, कारण आपल्याकडे ब्लाउज दोनतीन वर्षे वापरला जातो आणि मधेच तो उसवून सैल करावा लागतो.

दुसऱ्या शिक्षिकेचे सूत्र यापेक्षा थोडे वेगळे असेल आणि तेही बरोबरच असेल. मुंढ्यासाठी कोणी छातीचा आठवा भाग धरून त्यात दीड-दोन इंच मिळवतात. तुमच्या क्लासमध्ये मात्र सूत्र एकच असावे आणि ते फळ्यावर लिहिलेले असावे. मोबाइलवर पाहिलेली दुसरी पद्धत एखादी मुलगी मधेच घेऊन आली, तर तिला पहिला ब्लाउज संपेपर्यंत थांबायला सांगावे. दोन पद्धतींची मिसळ केलेला मुंढा कोणालाच नीट बसत नाही.

खोली आणि मशीन

दहा बाय बाराच्या खोलीत चार मशीन आणि एक कटिंग टेबल मावते. पाचवे मशीन लावले की चालायला जागा उरत नाही आणि शिक्षिकेला मुलीच्या मागे उभे राहून तिचे हात पाहता येत नाहीत. शिकवणे बरेचसे तिथूनच होत असते. चार मशीनवर आठ जणींची बॅच घ्यावी. दोन तासांच्या वर्गात चौघी पहिला तास कटिंगच्या टेबलावर आणि चौघी मशीनवर, मग अदलाबदल. काकूंनी पहिल्या बॅचला अकरा जणी घेतल्या होत्या, कारण ओळखीच्यांना नाही म्हणणे जड गेले. तिघी कायम कोणाच्या तरी मशीनकडे बघत बसू लागल्या आणि त्यातल्या दोघींनी महिन्याच्या आत क्लास सोडला. मशीनच्या दुप्पट मुली, त्याहून एकही जास्त नाही, हा नियम पुढे त्यांनी सख्ख्या भाचीसाठीही मोडला नाही.

कटिंगचे टेबल चार फूट बाय सहा फूट आणि उंचीला साधारण ३५ इंच असावे. जेवणाचे टेबल ३० इंचांचे असते आणि त्यावर वाकून तासभर कापले की कंबर धरते. जमिनीवर बसून कापण्याची सवय असलेल्या बायका टेबलाला नाके मुरडतात, पण पन्नाशीच्या शिक्षिकेने स्वतःच्या गुडघ्यांचा विचार करावा. उजव्या हाताने काम करणाऱ्यांसाठी उजेड डावीकडून यावा, म्हणजे सुईवर हाताची सावली पडत नाही.

मशीन कोणते घ्यावे, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. चारपैकी तीन पायडलची साधी काळी मशीन असावीत आणि एकच मोटरचे वेगवान मशीन असावे. नवशिकी मुलगी वेगवान मशीनवर बसली की कापड तिच्या हातातून पळते आणि तिच्या मनात मशीनची भीती बसते. पायडलवर वेग पायाच्या ताब्यात राहतो, शिवाय वीज गेली तरी वर्ग थांबत नाही. पायडलची जुनी मशीन निम्म्याहून कमी किमतीत मिळतात, पण ती पाहून घ्यावी लागतात. जाताना मांजरपाटाचा तुकडा आणि दोन रंगांचा दोरा बरोबर न्यावा, वर एक रंग आणि बॉबिनमध्ये दुसरा. टाका घालून पाहावा. खालचा रंग वर किंवा वरचा रंग खाली डोकावत असेल, तर बहुधा ताणाचा स्क्रू फिरवून भागते आणि तेवढ्यासाठी मशीन नाकारू नये. सुईचा दांडा धरून आडवा हलवला असता तो डुगडुगत असेल, तर मात्र आतली झीज झालेली असते आणि ती दुरुस्ती स्वस्तात होत नाही. कापड सरकवणारे दाते बोटाने चाचपावेत. ते बोथट झाले असतील तर कापड तिरके सरकते आणि मुलगी बिचारी स्वतःच्या हाताला दोष देत बसते.

काकूंचे एक मशीन घरचे होते. दोन जुनी प्रत्येकी ४,००० रुपयांना मिळाली आणि मोटरचे जुने मशीन ९,५०० रुपयांना. प्लायवूडचे टेबल ६,०००, स्टुलं, आरसा आणि इस्त्री मिळून ४,५००, तर कात्र्या, टेप, फळा आणि ब्राऊन पेपर असे किरकोळ सामान ४,००० रुपये. एकूण ३२,००० रुपये झाले आणि ते भिशीचे पैसे आणि थोडी शिल्लक यांतून उभे राहिले. तुमच्या गावात दर वेगळे असतील, पण खर्च साधारण याच प्रमाणात पडतो. कर्ज काढून आठ नवीन मशीन घेणारा क्लास पहिल्या दिवसापासून हप्त्यासाठी चालवावा लागतो.

तीन महिने कोणत्या क्रमाने शिकवावे

प्रत्येक मुलगी पहिल्याच दिवशी विचारते, "काकू, ब्लाउज कधी?" उत्तर ठरलेले असावे, "सातव्या आठवड्यात." त्याआधी ब्लाउज हातात दिला की शिवण वाकडी जाते, गळा खेचला जातो, महागाचे कापड वाया जाते आणि मुलगी परत येत नाही.

पहिला आठवडा दोऱ्याशिवाय चालतो. जुनी सुई लावून रेघांच्या वहीचा कागद मशीनखाली द्यायचा आणि सुईची भोके रेघेवर पाडायची. कागदाने सुई बोथट होते, म्हणून सुई जुनीच घ्यावी. सरळ रेघा जमल्या की चौकोन, मग नागमोडी रेघ, शेवटी गोल. यात पायडल उलटे फिरू न देण्याची सवय लागते. चाक उलटे गेले की दोरा गुंततो आणि तुटतो, आणि नवशिक्यांचा दोरा तुटण्याचे हे फार मोठे कारण असते.

दुसऱ्या आठवड्यात दोरा ओवणे, बॉबिन भरणे आणि ताण ओळखणे. मुलींची सर्वांत मोठी गफलत इथे होते. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता झाला की त्या बॉबिन काढून पाहू लागतात. गुंता खाली दिसला, तरी दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो. तो ताणाच्या चकत्यांमध्ये बसलेला नसतो किंवा दाबपट्टी न टाकताच शिवायला सुरुवात केलेली असते. बॉबिनचा ताण तपासायची रीत वेगळी आहे. बॉबिन केस दोऱ्याने हातात लोंबती धरून हलका हिसका द्यावा. ती थोडीशी उतरून थांबली तर ताण बरोबर, सरसर खाली आली तर ढिला आणि हललीच नाही तर घट्ट. टाके सुटत असतील तर आधी सुई पाहावी. ती पूर्ण वर बसली आहे का आणि तिची लांब खाच दोरा ज्या बाजूने आत जातो त्या बाजूला आहे का, एवढे पाहिले तरी बहुतेक वेळा दोष सापडतो. साध्या सुती कापडाला १४ नंबरची सुई चालते, तलम कापडाला ११ आणि जीन्ससारख्या जाड कापडाला १६. तेल मशीनचेच घालावे. खोबरेल तेल थंडीत थिजते आणि मशीन जड होते. पैसे वाचवायला कोणीतरी ते हमखास घालते.

तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात उशीचा अभ्रा, कापडी पिशवी, झबले आणि सहा कळ्यांचा परकर येतो. हे चारही जिन्नस विचार करून निवडलेले आहेत. अभ्र्यात सरळ शिवण आणि दुमड येते. पिशवीत कोपरा आणि बंद जोडणे येते. झबल्याला गळा आणि मुंढा असतो, त्यामुळे तिरकी पट्टी कापून लावण्याचा सराव अगदी लहान मापात होतो आणि कापड बिघडले तरी जीव जात नाही. परकराच्या कळ्यांची एक कड सरळ आणि दुसरी तिरकी असते. दोन तिरक्या कडा एकमेकींना जोडल्या की ती शिवण लोंबते आणि घेर खालीवर होतो. सरळ कड तिरक्या कडेला जोडायची आणि शिवताना तिरकी कड खाली ठेवायची, म्हणजे ती ताणली जात नाही. ही गोष्ट हाताने एकदा कळली की पुढे ब्लाउजच्या गळ्यात मुलगी कापड ओढत नाही.

मग ब्लाउज. पहिला कागदाचा, दुसरा मांजरपाटाचा आणि तिसरा स्वतःच्या मापाचा, खऱ्या कापडाचा. मांजरपाट टाळू नये. काकूंच्या पहिल्या बॅचमधल्या एका मुलीचा ब्लाउज अंगात घातला की काखेपासून छातीकडे आडव्या चुण्या पडत होत्या, हात पुढे केला की त्या आणखी वाढत. तिला वाटले, छातीत कमी पडतो आहे, म्हणून तिने बाजूच्या शिवणी उसवून सैल केल्या. ब्लाउज ढगळ झाला आणि चुण्या होत्या तिथेच राहिल्या. काकूंनी तो टेबलावर घडी घालून पुढचा भाग मागच्यावर ठेवला, तेव्हा दोन्ही मुंढे तंतोतंत सारखे दिसले. मुलीने दोन्ही भाग एकत्र कापले होते. हात पुढे वळतात, म्हणून पुढचा मुंढा मागच्यापेक्षा मध्यावर साधारण अर्धा इंच आत कोरावा लागतो. बाही उसवली, खांद्याचे टोक आणि काखेचे टोक तसेच ठेवून मधला भाग अर्धा इंच कोरला आणि बाहीचा पुढचा गोलाकारही तेवढाच कमी करून पुन्हा जोडली. चुण्या गेल्या. मांजरपाट नसता तर हीच चूक पैठणीच्या काठावर झाली असती.

बाहीच्या बाबतीत आणखी एक चूक हमखास घडते. दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या जातात. कापडाची सरळ बाजू सरळ बाजूवर ठेवून, दुहेरी घडीवरच बाह्या कापाव्यात आणि पुढच्या बाजूला कात्रीने बारीक खूण करावी, म्हणजे जोडताना पुढची बाजू शोधावी लागत नाही.

शेवटच्या तीन आठवड्यांत अस्तराचा ब्लाउज आणि पंजाबी ड्रेस येतो. कटोरी आणि प्रिन्सेस कट तीन महिन्यांत शिकवण्याचे आश्वासन देऊ नये. ते पुढच्या वर्गासाठी ठेवावे, त्याची फी वेगळी घ्यावी आणि ज्यांचा साधा ब्लाउज बसला आहे त्यांनाच त्यात घ्यावे.

फी, कापड आणि शिलाईची कामे

काकूंनी महिन्याला १,००० रुपये फी ठेवली आणि पहिल्या महिन्याची आगाऊ घेतली. दुपारी दोन ते चार गृहिणींची बॅच आणि संध्याकाळी पाच ते सात कॉलेजच्या मुलींची. दोन्ही बॅच भरल्या की १६,००० रुपये जमतात. दोरा, सुया, कागद, वीज आणि दुरुस्ती यांचे साधारण ३,००० रुपये वजा जातात. मात्र गौरी-गणपती, दिवाळी आणि मे महिना या काळात हजेरी निम्म्यावर येते, म्हणून वर्षाचा हिशेब बारा महिन्यांचा न धरता नऊ महिन्यांचा धरावा. मांजरपाट केंद्राने घाऊक आणून फीमध्येच द्यावा आणि खरे कापड मुलीने आणावे. उलट केले तर मांजरपाट कोणीच आणत नाही.

आता नाजूक मुद्दा. काकूंच्या शिलाईच्या ऑर्डरी चालूच होत्या आणि दिवाळीच्या तोंडावर चाळीसभर ब्लाउज पडून होते. समोर आठ मुली, चार मशीन. हुक लावणे, हातशिलाई करणे, फॉल लावणे ही कामे मुलींकडून करून घेण्याचा मोह कोणालाही व्हावा असाच प्रसंग होता. काकूंनी आठवडाभर तसे केलेही. मग एका मुलीच्या आईने दारात येऊन विचारले, "फी आम्ही द्यायची आणि काम तुमचं करायचं का?" प्रश्न रास्त होता. त्यानंतर त्यांनी वर्गाच्या वेळेत गिऱ्हाइकाचे कापड खोलीत आणायचे नाही, असे ठरवले. तीन महिने पूर्ण केलेल्या मुलींना काम द्यायचे असेल तर वर्गाबाहेरच्या वेळेत, नगावर ठरलेल्या मजुरीने आणि वहीत नोंद करून. याचा एक फायदा असा झाला की ऑर्डरी उरकण्यासाठी त्यांना दोन तयार हात मिळाले आणि त्या हातांनी काय बिघडवले तर जबाबदारी कोणाची, हेही आधीच ठरलेले राहिले.

कागदपत्रे आणि प्रमाणपत्र

उद्यम नोंदणी आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते आणि ती मोफत आहे, त्यासाठी पैसे मागणाऱ्यांकडे जाऊ नये. महाराष्ट्रात मोजकेच कामगार असलेल्या छोट्या आस्थापनेला दुकाने व आस्थापना कायद्याखाली (२०१७) नोंदणी घ्यावी लागत नाही, फक्त व्यवसाय सुरू केल्याची सूचना ऑनलाइन द्यावी लागते. सेवा व्यवसायाची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तोवर जीएसटी नोंदणीची गरज सहसा पडत नाही.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. तीत काही दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण आणि त्या काळात दिवसाला ५०० रुपये भत्ता, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत आणि पुढे ५ टक्के व्याजाने आधी १ लाख व नंतर २ लाखांपर्यंत कर्ज अशी तरतूद आहे. कुटुंबातल्या एकाच व्यक्तीला लाभ मिळतो आणि सरकारी नोकरीत असलेल्यांच्या कुटुंबाला तो मिळत नाही. ही योजना स्वतः हाताने काम करणाऱ्या कारागिरासाठी आहे, त्यामुळे अर्ज शिलाईकामाचा करावा, क्लासचा करू नये.

प्रमाणपत्राबद्दल मुलींशी पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलावे. घरगुती क्लासचे प्रमाणपत्र म्हणजे तिथे काय शिकले याचा दाखला असतो आणि त्याला सरकारी मान्यता नसते. सरकारमान्य अभ्यासक्रम चालवायचा तर राज्याच्या कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळाकडून संस्थेला मान्यता घ्यावी लागते आणि जागा, साहित्य व शिक्षिकेची पात्रता यांच्या अटी पुऱ्या कराव्या लागतात. मुलीला सरकारी नोकरीसाठी कागद हवा असेल, तर तिला आयटीआयच्या एक वर्षाच्या शिवणकामाच्या अभ्यासक्रमाकडे पाठवावे. काकूंनी अशा दोघींना पाठवले आणि फीचे उरलेले पैसे परत दिले.

स्वतःच्या दाखल्यावर त्या 'शिवणकाम शिकली' एवढेच मोघम लिहीत नाहीत. मुलीने कोणकोणते कपडे, किती आणि कोणाच्या मापाचे शिवले, याची यादी लिहून खाली सही करतात. गावातल्या एका तयार कपड्यांच्या दुकानदाराने ती यादी वाचून एका मुलीला अल्टरेशनच्या कामाला ठेवून घेतले. तिच्या यादीत परकर तीन होते, ब्लाउज चार आणि उसवून पुन्हा बसवलेली बाही एक.